व्याज मिळतं, तरी पैसे का आटतात?

“बचत खात्यातली रक्कम कधीच कमी होत नाही, वर व्याजही मिळतं. मग नुकसान कसलं?”

पासबुकातला आकडा वाढतो, हे खरंच आहे. पण पासबुक वस्तूंचे भाव दाखवत नाही, आणि गफलत तिथेच होते.

समजा, खात्यात १०० आहेत आणि घरखर्चाच्या सामानाची एक टोपलीही बरोबर १०० लाच येते. व्याज वर्षाला ३ टक्के, महागाई ६ टक्के. वर्षभराने खात्यात १०३ होतात, टोपली १०६ ला जाते. तीनचाच फरक, म्हणून कुणाला टोचत नाही. पण व्याजावर व्याज चढतं तशी महागाईही महागाईवर चढते. २० वर्षांनी खात्यात सुमारे १८१ असतात आणि टोपली ३२१ ची झालेली असते. म्हणजे अख्खी टोपली घेणारे पैसे आता जेमतेम ५६ टक्के टोपली घेतात. एकही पैसा न काढता! व्याजावर कर लागत असेल, तर अजून कमी, कारण कर पूर्ण ३ टक्क्यांवर लागतो, महागाई वजा करून नव्हे.

व्याजदर महागाईपेक्षा जास्त असेल त्या वर्षी मात्र पैसे खरोखर वाढतात. त्यामुळे वर्षाअखेरीस कर वजा जाता उरलेला व्याजदर त्या वर्षीच्या महागाईदराशेजारी मांडून पाहा. अडीअडचणीपुरती रक्कम खात्यात ठेवणं योग्यच. मला काळजी वाटते ती तिथेच वीस वर्षं पडून राहिलेल्या पैशांची.