'उन सालुदो' की 'आतेन्तामेन्ते'? स्पॅनिश मेलचा शेवट कसा करायचा

डिक्शनरीत बघितलं तर दोन्हीचा अर्थ साधारण 'नमस्कार, कळावे' असाच निघतो, त्यामुळे सुरुवातीला मी कुठलंही कुठेही चिकटवायचे. पण स्पेनमधल्या लोकांशी रोज मेल करताना कळलं की 'उन सालुदो' हा रोजच्या वापरातला शेवट आहे, ना फार गोड ना फार कोरडा, आणि 'आतेन्तामेन्ते' म्हणजे आपलं 'आपला विश्वासू', अर्ज, तक्रार, सरकारी काम असल्या ठिकाणचं.

माझा किस्सा सांगते. व्हॅलेन्सियाच्या एका सप्लायरकडून इन्व्हॉइस हवा होता. पहिला मेल अनोळखी बाईंना होता, म्हणून 'उस्तेद' वापरून लिहिला आणि शेवटी 'आतेन्तामेन्ते'. त्यांचं उत्तर आलं 'ओला'ने सुरू होऊन 'उन सालुदो'वर संपणारं, म्हणजे त्या एक पायरी खाली आल्या होत्या, पण मी आपली पुढचे तीन मेल 'आतेन्तामेन्ते'च. शेवटी त्यांनी विचारलंच, काही चुकलं का आमचं? समोरचा मोकळा झाला आणि तुम्ही कडकच राहिलात तर स्पेनमध्ये ते रागावल्यासारखं वाटू शकतं. (मेक्सिकोत ऑफिसच्या मेलमध्ये हाच शब्द अगदी नेहमीचा, तिथे इतकं मनावर घेऊ नका.)

मधली सेफ जागा हवी असेल तर 'उन कोर्दियाल सालुदो', अनोळखी माणसालाही चालतं. 'उन आब्राथो' म्हणजे मिठी, ती चांगली ओळख झाल्यावरच, आणि शक्यतो समोरून आधी येऊ द्या.

आता खरी गंमत स्वल्पविरामाची आहे, इथे शिकलेले लोकही अडखळतात:

```
Un saludo,
Sneha

Le saluda atentamente
Sneha
```

पहिल्यात क्रियापद नाही, म्हणून स्वल्पविराम. दुसऱ्यात 'सालुदा' हे तृतीयपुरुषी क्रियापद आहे आणि त्याचा कर्ता म्हणजे खालची सही, 'स्नेहा आपल्याला आदरपूर्वक नमस्कार करते' असं एकच वाक्य, मग कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये स्वल्पविराम कसा घालणार? पण 'ले सालुदो', म्हणजे 'मी नमस्कार करते', असं लिहिलं की वाक्य तिथेच पुरं होतं, म्हणून पूर्णविराम.

आणि तो 'ले' 'उस्तेद'साठी आहे बरं का. वर 'तू' म्हणून गप्पा मारल्यात आणि खाली 'ले सालुदा' लिहिलंत तर 'ए, काय रे'ने सुरू केलेलं पत्र 'आपला आज्ञाधारक'वर संपवल्यासारखं होतं. 'तू' असेल तर सरळ 'उन सालुदो' लिहा आणि नाव टाका.