वसुलीचे फोन नातेवाइकांना आणि ऑफिसात जात असतील तर

कर्जाचे दोन हप्ते थकले, की वहिनीला फोन, मग ऑफिसात साहेबांना फोन. अशा तक्रारी घेऊन आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक शरमेने गप्प बसलेले असतात. थकबाकी खरी असली तरी असे फोन करायचा हक्क कोणालाही मिळत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार वसुली एजंटांनी कर्जदाराला चारचौघांत अपमानित करायचे नाही आणि त्याच्या कुटुंबीयांच्या, मित्रांच्या किंवा संदर्भ म्हणून नाव दिलेल्यांच्या खासगी आयुष्यात घुसायचे नाही. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन नाही. एजंट बाहेरच्या एजन्सीचा असला तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेचीच. जामीनदाराची गोष्ट वेगळी, त्याने सही केलेली असते. अर्जात फक्त संदर्भ म्हणून ज्याचे नाव आहे, त्याच्यावर कर्जाची कसलीही जबाबदारी नाही.

तक्रार एजंटाकडे करू नका. संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, त्याचा पत्ता संस्थेच्या वेबसाइटवर असतो. ‘मला त्रास होतो, थांबवा’ एवढेच लिहिले, तर ‘तक्रार नोंदवली आहे’ असे उत्तर येते आणि फोन चालूच राहतात. म्हणून घटना लिहा. उदाहरणार्थ: ‘3 तारखेला रात्री 8:40 ला माझ्या वहिनीला या क्रमांकावरून फोन आला, शिवीगाळ झाली. 5 तारखेला माझ्या वरिष्ठांना फोन करून माझी थकबाकी सांगितली.’ ज्यांना फोन आला त्यांच्या कॉल यादीचे स्क्रीनशॉट आणि त्यांचे दोन ओळींचे लेखी निवेदन जोडा. रेकॉर्डिंग असेल तर फारच उत्तम.

मागणी नेमकी हवी: ‘आपण किंवा आपली कोणतीही एजन्सी माझ्या नातेवाइकांशी व सहकाऱ्यांशी संपर्क साधणार नाही, त्यांचे क्रमांक नोंदींतून काढले जातील, आणि हे आपण सहीनिशी लेखी कळवावे.’ एकच फोन क्रमांक बंद करायला सांगू नका. एजंट क्रमांक रोज बदलतात. वसुलीसाठी नेमलेल्या एजन्सीचे नावही मागा.

हप्ते कसे भराल, हे याच पत्रात घालू नका. दोन्ही एकत्र केले, की संस्था फक्त थकबाकीवर उत्तर देते आणि फोनांचा मुद्दा बाजूला पडतो. त्यासाठी वेगळे पत्र द्या.

30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर बँका आणि एनबीएफसी म्हणजे बँक नसलेल्या मोठ्या वित्तसंस्थांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. तेथे आधीच्या ईमेलची प्रत लागते. पतसंस्थेचे कर्ज असेल तर हा मार्ग लागू नाही, सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जावे. जिवाची धमकी किंवा बदनामीचे फोटो आले, तर 30 दिवस थांबू नका, त्याच दिवशी पोलीस ठाणे गाठा.

ईमेलचा मसुदा आणि घटनांची तारीखवार यादी आमच्या कार्यालयात तयार करून मिळेल. येताना कर्जकरार, थकबाकीचा हिशेब आणि वहिनींचे किंवा सहकाऱ्यांचे स्क्रीनशॉट आणा.