चार बिट, दोन थर: बॅरल शिफ्टर आला कुठून

सोलापुरात डिप्लोमा करा नाहीतर डिग्री, डिजिटलच्या लॅबमध्ये 7495 हातात येतोच. चार बिटचा शिफ्ट रजिस्टर, ट्रेनर किटवर लावायचा, क्लॉकचं बटण दाबायचं, पेटलेला एलईडी एक घर सरकतो, परत दाबायचं, परत एक घर. जर्नलमध्ये टेबल भरलं की प्रॅक्टिकल संपलं. व्हायव्हाला मग एखादे सर विचारतात, तीन घरं सरकवायची असतील तर? "तीनदा दाबायचं सर." आणि एकाच दाबात? इथं सगळे गप्प, फार तर मागून कुणीतरी कुजबुजतो, "मक्स सांग की बे." मक्स म्हणजे मल्टिप्लेक्सर, अनेक इनपुटांतून सिलेक्ट सांगेल ती एकच पुढं सोडणारा, आणि असे मक्स जोडून कितीही घरं एकाच दमात सरकवणारं सर्किट म्हणजे बॅरल शिफ्टर. उत्तर बरोबर आहे, पण ते तिथवर कसं आलं ते सिलॅबसमध्ये नसतं म्हणून हे लिहितोय.

चार बिटचीच गोष्ट आहे तर सुरुवात इंटेलच्या 4004 पासून करू. १९७१ सालचा हा प्रोसेसर चार बिटचा, आणि त्याला शिफ्ट म्हणून येत होतं ते एवढंच, अ‍ॅक्युम्युलेटर कॅरीतून एक घर डावीकडं किंवा एक घर उजवीकडं फिरवायचा. तीन घरं डावीकडं सरकवून मागं शून्य भरायचे तर प्रोग्राम असा व्हायचा:

```
CLC
RAL
CLC
RAL
CLC
RAL
```

दर वेळी कॅरी आधी साफ करायचा, नाहीतर बाहेर पडलेला जुना बिट मागच्या दारानं परत आत येतो. एका इन्स्ट्रक्शनला १०.८ मायक्रोसेकंद, म्हणजे सहांना जवळपास ६५, तेही चार बिटच्या एका शब्दासाठी. 4004 ज्या कॅल्क्युलेटरसाठी बनला त्याला हे चालून गेलं, कारण बटणं दाबणारं बोट त्याहून कितीतरी हळू असतं.

१९७८ च्या 8086 मध्ये "CL रजिस्टरमध्ये आकडा टाक आणि तेवढी घरं सरकव" अशी एकच इन्स्ट्रक्शन आली, दिसायला एकदम ऐटबाज, पण आत तेच, एकेक घर. रजिस्टर सरकवायला ८ क्लॉक अधिक दर घराला ४, म्हणजे १५ घरांना ६८ क्लॉक. त्यात गंमत अशी की आकड्यावर काही बंधनच नव्हतं, रजिस्टर १६ बिटचा असला तरी CL मध्ये २५५ टाकलं तर तो बिचारा २५५ वेळा सरकवत बसायचा, १०२८ क्लॉक, आणि तोवर इंटरप्ट दारात ताटकळत उभा. पुढं 80286 ला इंटेलनं आकड्याचे खालचे पाचच बिट बघायचे असं ठरवलं ते याच कारणानं, एकच इन्स्ट्रक्शन फार वेळ अडून राहू नये म्हणून. तरी दर घराला एक क्लॉक लागतच होता. 80386 आला १९८५ मध्ये, त्यात मात्र एक घर असो की एकतीस, रजिस्टरला तीन क्लॉक.

हे आधी कुणाला सुचलं नव्हतं असं अजिबात नाही, मोठ्या मशिनवाल्यांना त्याची गरज खूप आधीच पडली होती. फ्लोटिंग पॉइंटच्या बेरजेत दोन आकड्यांचे घातांक जुळवताना एक आकडा सरकवावा लागतो, आणि किती घरं ते बेरीज करायची वेळ येईपर्यंत कळत नाही. १९६४ च्या सीडीसी 6600 मध्ये तर शिफ्टचं वेगळं युनिटच होतं, ६० बिटचा शब्द कितीही घरं सरकवा, ३०० नॅनोसेकंद. युक्ती माहीत होती, पण तेवढं सर्किट ठेवायला एका छोट्या चिपवर जागा नव्हती, सगळी रड तिथं होती.

आता युक्ती. सरळसोट विचार केला तर आउटपुटच्या प्रत्येक बिटाला विचारायचं, तू कुठून येणार? चार शक्यता, म्हणून प्रत्येक बिटाला एक ४:१ मक्स, असे चार. सत्तरच्या दशकात एएमडीनं Am25S10 नावाचा आयसी काढला तो नेमका हाच, सात इनपुट, दोन सिलेक्ट, चार आउटपुट. चार बिटला हे झकास आहे पण बिट वाढले की मक्सही फुगतो आणि त्याच्याकडं जाणाऱ्या तारांचं जंजाळ होतं.

दुसरा रस्ता थरांचा, आणि मला विचाराल तर शिकायला हाच घ्यावा. सरकवायचा आकडा बायनरीत असतोच, तीन म्हणजे 11, एक अधिक दोन. मग पहिला थर फक्त "एक घर सरकव किंवा जसं आहे तसं सोड" एवढंच करेल, दुसरा फक्त "दोन घरं सरकव किंवा सोड". आकड्याचा खालचा बिट S0 पहिल्या थराला, वरचा S1 दुसऱ्याला. प्रत्येक थरात चार २:१ मक्स, सगळ्यांचा सिलेक्ट एकच, आणि 74157 च्या पोटात अगदी हेच असतं, म्हणजे दोन आयसीत काम झालं. A पिनवर बिट सरळ द्यायचा, B वर उजवीकडच्या शेजाऱ्याचा, दुसऱ्या थरात शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचा, आणि जिथं शेजारीच नाही तिथं ग्राउंड.

1011 घेऊ, तीन घरं डावीकडं. S0 = 1, पहिल्या थरातून 0110 निघतं. S1 = 1, दुसऱ्यातून 1000. क्लॉक नाहीच, सिलेक्ट बदलला की दोन थरांतून जायला लागेल तेवढा वेळ, एलएस मालिकेच्या आयसीत साधारण वीसेक नॅनोसेकंद. ग्राउंडच्या जागी वरून पडणारे बिट आणून जोडले की तेच सर्किट रोटेट करतं, 1011 चं आधी 0111 आणि मग 1101. आता बघा, 1101 म्हणजे 1011 उजवीकडं एक घर फिरवल्यावर जे येतं तेच, म्हणून रोटेटला उजवीकडची वेगळी वायरिंग लागत नाही, चारातून आकडा वजा करायचा आणि डावीकडंच फिरवायचं.

ब्रेडबोर्डवर फसतं ते दोन ठिकाणी. ग्राउंड द्यायच्या पिना कुणी मोकळ्या सोडतं, "शून्यच तर द्यायचाय, नाही जोडलं तर शून्यच की" म्हणून, पण टीटीएलमध्ये मोकळी इनपुट एक धरली जाते, मग 0001 एक घर सरकवलं की 0010 ऐवजी 0011 येतं. सोपी खूण म्हणजे इनपुट 0000 ठेवून सिलेक्ट बदलत जा, कुठंही एलईडी पेटला तर पिन मोकळी आहे. दुसरं, S0 आणि S1 ची अदलाबदल. हे बेरकी आहे, कारण शून्य घरं आणि तीन घरं दोन्ही बरोबर येतात, फक्त एक आणि दोन उलटे होतात, आणि नेमकं शून्य आणि तीनच तपासून लोक सही घ्यायला जातात. रोटेट तपासताना 1111 देऊ नका, 1010 पण नको, तो दोन घरं फिरवला तरी तसाच दिसतो. 0001 द्या आणि चारही आकडे लावून बघा. आणि 74157 ची पिन १५, म्हणजे इनेबल, ग्राउंडला, नाहीतर चारही आउटपुट शून्यच.

चिपवर हे उतरलं तेव्हा मात्र थरांच्या जोडीला दुसरी पद्धत पण आली. मीड आणि कॉन्वे यांच्या १९८० च्या व्हीएलएसआय पुस्तकात चार बाय चारचा बॅरल शिफ्टर आहे, त्यात मक्सचे थर नाहीत, सोळा ट्रान्झिस्टरची जाळी आहे, एका वेळी एकच तिरकी ओळ चालू होते आणि बिट एकाच ट्रान्झिस्टरमधून पार. हिशोब केला तर ३२ बिटला थरांच्या पद्धतीत पाच थर, १६० मक्स, आणि जाळीला १०२४ ट्रान्झिस्टर. पण एका मक्सलाच दोनचार ट्रान्झिस्टर लागतात, त्यामुळं जाळी वाटते तेवढी महाग पडत नाही, आणि वेग तिचा. १९८५ च्या एआरएम1 मध्ये जाळीच घेतली, कारण तिथं शिफ्टर बेरजेच्या वाटेतच बसवलाय, दुसरा ऑपरंड त्यातून गेल्याशिवाय एएलयूपर्यंत पोचतच नाही, सरकवायचं नसलं तरी. पाच थरांचा उशीर मग प्रत्येक बेरजेला भरावा लागला असता.