पीडीएफमधील परवानगी पासवर्ड

पीडीएफ दस्तऐवज वाचता यावा, पण त्यातील मजकूर उचलता किंवा छापता येऊ नये, यासाठी लावला जाणारा पासवर्ड. फाइल उघडण्यासाठी लागणारा पासवर्ड याहून वेगळा असतो. दोन्ही एकाच फाइलला लावता येतात. मात्र वर्डमधून पीडीएफ करताना मिळणारा पर्याय केवळ उघडण्याच्या पासवर्डचा आहे. लिबरऑफिसच्या निर्यात-खिडकीत दोन्हींची सोय आहे.

परवानग्या एकाच पूर्णांकात साठवलेल्या असतात. त्याचा तिसरा बिट (किंमत ४) छपाईचा, पाचवा (१६) मजकूर उचलण्याचा आणि बारावा (२०४८) उच्च दर्जाच्या छपाईचा. सर्व मोकळीक असेल तेव्हा हा अंक −४ असतो. हे तिन्ही बंद केले की −२०७२ होतो. qpdf या मुक्त साधनाने तशी फाइल पुढीलप्रमाणे करता येते. पहिले रिकामे अवतरण उघडण्याच्या पासवर्डचे, दुसरे परवानगीचे :

```
qpdf --encrypt "" "Malak72" 256 --print=none --extract=n -- ahval.pdf bandist.pdf
qpdf --show-encryption bandist.pdf
```

दुसऱ्या आज्ञेच्या उत्तरात `P = -2072` दिसले, तर बंदी लागली असे समजावे.

ही बंदी कितपत खरी, याबद्दल दोन मते आढळतात. परवानगीचा अंक सांकेतिकीकरणात गुंफलेला असतो. जुन्या पद्धतीत फाइल उलगडणाऱ्या किल्लीच्या गणितात तो धरला जाई, तर २५६-बिट एईएस पद्धतीत त्याची सांकेतिक प्रत वेगळी ठेवतात. त्यामुळे तो परस्पर बदलला तर पकडता येतो, असे एक मत. ते चूक नाही. पण मुद्दा तेथे संपत नाही. वरील फाइलची किल्ली रिकाम्या पासवर्डानेही सुटते, म्हणजे उघडणाऱ्या प्रत्येक प्रणालीच्या हाती संपूर्ण मजकूर येतो. पुढे छपाईचे बटण मंद करायचे की नाही, हे त्या प्रणालीने ठरवायचे. पीडीएफचे प्रमाणकही वाचक-प्रणालीने लेखकाच्या इच्छेचा मान राखावा, एवढीच अपेक्षा धरते. म्हणून परवानगी पासवर्डाला कुलूप न म्हणता सूचना म्हणणे अधिक सयुक्तिक. मजकूर गोपनीय असल्यास पहिले अवतरण रिकामे ठेवू नये. पडद्याचे छायाचित्र मात्र कोणत्याच पासवर्डाने थांबत नाही.

सांकेतिकीकरणाची सोय साधारणतः १९९४ च्या सुमारास ४०-बिट आरसी४ पद्धतीने सुरू झाली, असे मानले जाते. आयएसओ ३२०००-२ (२०१७) या प्रमाणकाने आरसी४ कालबाह्य ठरवून २५६-बिट एईएसला पसंती दिली. मधल्या काळातील, २००८ च्या सुमाराच्या २५६-बिट आवृत्तीत पासवर्डाची पडताळणी फार झटपट होई, त्यामुळे अंदाजाने तो शोधणे उलट सोपे झाले, ती टाळावी.

फोनवर अडचण येते ती उघडण्याच्या पासवर्डामुळे. अँड्रॉइडचा अंगभूत पीडीएफ-घटक १५ व्या आवृत्तीपूर्वी असा पासवर्ड स्वीकारत नसे. त्यावर बेतलेली ॲप फाइल नाकारतात, स्वतंत्र वाचक-ॲप ती उघडू शकतात. अचूक पासवर्डही चुकीचा ठरत असेल तर ॲप नव्या २५६-बिट पद्धतीला जुने पडत असण्याचा संभव असतो. अशा वेळी आज्ञेत `256` ऐवजी `128 --use-aes=y` लिहून पाहावे.