सगळे अ‍ॅडमिन बाहेर अडकले तर? मायक्रोसॉफ्ट ३६५ चं आपत्कालीन खातं : पात्रता, कागदपत्रं, प्रक्रिया

१९ नोव्हेंबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टची दुहेरी पडताळणी अनेक तास बंद पडली. पासवर्ड बरोबर, फोन हातात, पण मंजुरीची सूचनाच येईना. जिथे प्रत्येक अ‍ॅडमिनला हीच पडताळणी लागू होती, तिथे ती तात्पुरती बंद करायलाही कोणी आत शिरू शकत नव्हतं. अशा वेळेसाठी एक वेगळं अ‍ॅडमिन खातं सीलबंद ठेवतात. आगीच्या घंटेवरची काच फोडावी तसं ते वापरायचं, म्हणून त्याला ब्रेक-ग्लास खातं म्हणतात.

सेवा बंद पडण्यापेक्षा जास्त वेळा संस्था स्वतःच्याच हाताने दार लावून घेते. एखादा नियम ‘सर्व वापरकर्त्यांना’ लागू होतो आणि त्यात तो लावणाराही बाहेर जातो. मग मायक्रोसॉफ्टकडे आपली मालकी सिद्ध करत बसावं लागतं, आणि त्यात दिवस जाऊ शकतात.

पात्रता

यासाठी बाहेर कुठे अर्ज करायचा नसतो. मंजुरी संस्थेच्या प्रमुखांनी द्यायची आणि खातं सध्याच्या, सगळे अधिकार असलेल्या, ग्लोबल अ‍ॅडमिनने उघडायचं. खात्याला मेलबॉक्स किंवा ३६५ चं लायसन्स लागत नाही. मात्र वापराची सूचना आपोआप हवी असेल, तर साइन-इनच्या नोंदी बाहेर पाठवाव्या लागतात आणि त्यासाठी संस्थेकडे एन्ट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या साइन-इन सेवेचं पी-१ लायसन्स लागतं. मोफत आवृत्तीत या नोंदी फक्त ७ दिवस राहतात. तेव्हा पी-१ नसेल तर दर आठवड्याला ठरलेल्या माणसाने त्या हाताने तपासाव्यात.

हे खातं एक सुरक्षा चावी आणि तिचा पिन, अशा दोन गोष्टींनी उघडतं. त्या सांभाळणारे जपणूकदार निवडताना एक अट मला फार महत्त्वाची वाटते. ज्याच्याकडे चावी, त्याच्याकडे पिन नको. आणि रोजचं अ‍ॅडमिन काम करणाऱ्याकडे या दोन्हींपैकी काहीच नको.

कागदपत्रं

प्रमुखांच्या सहीचं एक पानी मंजुरीपत्र लागतं. खातं कोणत्या प्रसंगी वापरायचं आणि सील फोडायला परवानगी कोण देणार, हे त्यात स्पष्ट लिहावं. त्यासोबत जपणूकदारांची संमती आणि पिनच्या सीलबंद लिफाफ्यांच्या क्रमांकांचं रजिस्टर. लॉग-इनची कृतीही छापून लिफाफ्यात ठेवा. ती शेअरपॉइंटवर असेल, तर नेमकी गरज पडेल तेव्हा उघडणार नाही.

खातं उघडताना

समजा साताऱ्यातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथे एक नव्हे, दोन खाती करायची. दोन्ही थेट क्लाउडवर, `onmicrosoft.com` ने संपणाऱ्या पत्त्यावर. कॉलेजच्या स्वतःच्या डोमेनवर किंवा आतल्या सर्व्हरशी जोडलेलं खातं केलं, तर तो सर्व्हर पडला की हेही पडेल. दोघांनाही `Global Administrator` ही भूमिका कायमची द्या. मागितल्यावर मिळणारी भूमिका इथे कामाची नाही, कारण ती मंजूर करायला आत कोणीच नसेल.

लांबलचक पासवर्ड लिफाफ्यात घाला, हा जुना सल्ला आता पुरत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून मायक्रोसॉफ्टने अ‍ॅडमिन पोर्टलांवर दुहेरी पडताळणी टप्प्याटप्प्याने सक्तीची केली आहे आणि आपत्कालीन खात्यालाही सूट नाही. म्हणून प्रत्येक खात्याला वेगळी फिडो-२ सुरक्षा चावी, म्हणजे संगणकाला लावायचं छोटं उपकरण, द्यायची. तिला फोनचं नेटवर्क लागत नाही, एसएमएसही लागत नाही. नव्या खात्यावर चावी नोंदवायला `Temporary Access Pass` हा थोड्या वेळापुरता पासकोड काढा, त्याने आत जाऊन चावी जोडा, मग पास रद्द करा. कोणाचाही वैयक्तिक फोन या खात्यांना जोडू नका; माणूस नोकरी सोडून गेला की फोनही जातो.

यानंतर, कोणाला कोणत्या अटीवर आत घ्यायचं हे ठरवणाऱ्या प्रत्येक `Conditional Access` नियमातून निदान एक खातं वगळायचं. पुढे नवा नियम बनतो, वगळणं राहून जातं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नियम बदलण्याच्या आतल्या अर्जातच यासाठी एक रकाना ठेवा.

जपणूक

पहिल्या खात्याची चावी प्राचार्यांच्या अग्निरोधक तिजोरीत, दुसऱ्याची बँकेच्या लॉकरमध्ये. बँक रविवारी बंद असते, म्हणून तातडीची चावी कॉलेजातच हवी. दोन्हींचे पिन वेगळे, सीलबंद, रजिस्ट्रारांकडे. पिन सुवाच्य अंकांत लिहा, कारण लागोपाठ ८ वेळा चुकला की चावी कुलूपबंद होते. ती रीसेट केली की तिच्यातली नोंदणीही पुसली जाते.

वापराची सूचना

साइन-इनच्या नोंदी `Log Analytics` या मायक्रोसॉफ्टच्या नोंदी साठवायच्या सेवेत पाठवा. भारतातल्या संस्थांनी नोंदी १८० दिवस, भारतातच जपाव्यात असा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा २८ एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. पुण्यातलं `Central India` केंद्र निवडून मुदत तेवढी वाढवली की हेही साधतं. मग दोन्ही खात्यांचे `Object ID`, म्हणजे ओळख क्रमांक, घालून दर ५ मिनिटांनी चालणारा हा प्रश्न लावा:

```
SigninLogs
| where UserId in ("<Object ID 1>", "<Object ID 2>")
```

एक जरी ओळ आली तरी सूचना गेली पाहिजे. यशस्वी साइन-इनपुरती चाळणी मुद्दाम लावलेली नाही. फसलेला प्रयत्नही आपल्याला कळायला हवा.

इथे एक चूक हमखास होते. सूचना फक्त संस्थेच्या ईमेलवर जाते, आणि ज्या दिवशी सगळे बाहेर अडकतात त्या दिवशी तो ईमेलही उघडत नाही. एसएमएस किंवा बाहेरचा पत्ता जोडाच. ‘चाचणी’चं बटण दाबून थांबू नका, खरंच साइन-इन करून बघा. नोंद पोचायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे सूचना लगेच आली नाही तर घाबरू नका. अर्ध्या तासातही आली नाही, तर मात्र मांडणीत दोष आहे.

प्रत्यक्ष वापर आणि नंतरची तपासणी

समजा त्याच कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत सकाळी ९:४० ला ‘फक्त कॉलेजच्या नोंदणीकृत लॅपटॉपवरूनच प्रवेश’ असा नियम सुरू झाला. लॅपटॉपांची नोंदणी अजून झालेलीच नव्हती. सगळे बाहेर. प्राचार्यांनी परवानगी दिली, रजिस्ट्रारांनी पिनचा लिफाफा आणला, दोघांसमोर सील फुटलं आणि १०:१५ ला साइन-इन झालं. १०:२४ ला तिघांच्या फोनवर सूचना आली. नियम कोणाला न अडवता फक्त नोंद ठेवणाऱ्या `Report-only` वर टाकला, आपल्या नेहमीच्या खात्याने आत जाता येतं का पाहिलं, आणि आपत्कालीन खात्यातून बाहेर पडले. मूळ नियमाची दुरुस्ती नेहमीच्या खात्याने करायची, कितीही घाई असली तरी.

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीला चावी वापरणारा माणूस एकटा नको. रजिस्टरमधली वेळ साइन-इनच्या नोंदीशी जुळते का, हे आधी पाहा. मग `AuditLogs` मध्ये त्या खात्याने केलेला प्रत्येक बदल वाचा. या प्रसंगात एकच बदल दिसायला हवा. नवा अ‍ॅडमिन, नवं अ‍ॅप किंवा कोणाच्या पडताळणीत फेरफार दिसला, तर त्याचं लेखी कारण मागा. पिन बदला, नवं सील लावा, क्रमांक रजिस्टरमध्ये चढवा.

सील शाबूत आहे आणि तरी सूचना आली, तर तो हल्ला समजा. त्या खात्याची सत्रं रद्द करा, चावीची नोंदणी काढून नवी चावी जोडा. अनधिकृत प्रवेश झालेला दिसला, तर सर्ट-इनला ६ तासांच्या आत कळवावं लागतं.

काहीच घडलं नाही तरी दर ९० दिवसांनी, आणि जपणूकदार किंवा अ‍ॅडमिन बदलला की लगेच, चावी लावून साइन-इन करून बघायचं. त्या दिवशी सूचना कोणाकोणाला आली, हे त्यांना फोन करून विचारायचं आणि रजिस्टरमध्ये त्यांच्या सह्या घ्यायच्या.