स्वमूल्यांकन, परिचारिकेचे

वार्षिक कार्यमूल्यमापनाच्या वेळी परिचारिकेने स्वतःच्या वर्षभरातील कामाविषयी लिहून दिलेले निवेदन. त्याचे मुख्य भाग दोन : वर्षात साधलेल्या गोष्टी आणि पुढील वर्षात हवे असलेले प्रशिक्षण. वॉर्डची प्रमुख परिचारिका किंवा मेट्रन ते वाचते, आपला अभिप्राय जोडते आणि मग दोघींची समोरासमोर चर्चा होते. छापील नमुना, गुण देण्याची रीत आणि मुदती संस्थेगणिक बदलतात. प्रस्तुत नोंदीत पद्धतीचा उगम आणि या दोन भागांतील विधाने पडताळण्याजोगी कशी होतात, एवढाच विचार केला आहे.

उगम : याबाबत एकमत नाही. एक मत ही प्रथा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात सुरू झालेल्या परिचर्या शाळेपर्यंत मागे नेते. तेथे प्रत्येक उमेदवार परिचारिकेच्या वर्तनाची व अंगी आलेल्या कौशल्यांची नोंद ठरावीक तक्त्यात ठेवली जाई. उमेदवारांनी रोजनिशी लिहावी, अशीही अपेक्षा असे. मात्र तक्ता भरण्याचे काम मेट्रनचे होते आणि रोजनिशीचा हेतू शिकण्याचा होता. आपल्या कामाचा निवाडा आपणच करून तो वरिष्ठांपुढे ठेवायचा, हा या पद्धतीचा गाभा त्या दोन्हींत दिसत नाही. त्यामुळे या शाळेला नियमित लेखी मूल्यमापनाचे श्रेय देता येईल. स्वमूल्यांकनाचे देणे कठीण आहे.

दुसरे मत व्यवस्थापनशास्त्राकडे बोट दाखवते. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली आणि तिला आत्मनियंत्रणाची जोड दिली. १९५७ मध्ये डग्लस मॅकग्रेगर यांनी रूढ मूल्यमापनावर टीका केली. वरिष्ठाला कनिष्ठाच्या स्वभावाचा न्यायाधीश व्हावे लागते आणि ते त्यालाही नकोसे वाटते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांनी सुचविलेला उपाय असा : कनिष्ठाने आपली उद्दिष्टे स्वतः ठरवावीत, मुदत संपल्यावर स्वतःच आढावा घ्यावा आणि वरिष्ठाने चर्चेत साहाय्य करावे. आजच्या अर्जांतील ‘गतवर्षीची उद्दिष्टे, साध्य, पुढील उद्दिष्टे’ हा क्रम या विचाराशी इतका जुळतो की, अर्जाचा सांगाडा येथूनच आला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. रुग्णालयांत तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने रुळला असावा.

सांगाडा उद्योगधंद्यांतून आला, तरी त्यात भरायचा मजकूर वेगळ्या वाटेने आला. जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांविषयीच्या संशोधनातून विकसित केलेले निर्णायक प्रसंगांचे तंत्र १९५४ मध्ये सविस्तर मांडले. काम चांगले झाले किंवा बिघडले असा नेमका प्रसंग, त्यातील कृती आणि परिणाम नोंदवणे, हे त्याचे सार. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकांनी सांगितलेल्या प्रसंगांच्या आधारे नवशिकी ते तज्ज्ञ अशा कौशल्याच्या पाच पायऱ्या दाखवल्या. त्यासाठी त्यांनी कौशल्य कसे वाढत जाते याविषयीचे ड्रायफस बंधूंचे प्रतिमान वापरले. एका विभागात निष्णात असलेली परिचारिका पूर्ण अनोळखी प्रकारच्या रुग्णांमध्ये गेली की पुन्हा खालच्या पायरीवर येऊ शकते, हा त्यांचा मुद्दा प्रशिक्षणाची गरज ठरवताना फार उपयोगी पडतो.

ब्रिटनमध्ये २०१६ पासून नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर तीन वर्षांनी पाच चिंतनात्मक लेख द्यावे लागतात. त्यांची वार्षिक स्वमूल्यांकनाशी गल्लत होते. ते लेख नोंदणी टिकवण्यासाठी असतात आणि अनुभवातून काय शिकलो हे सांगतात. स्वमूल्यांकन नोकरी देणाऱ्या संस्थेसाठी असते.

विश्वासार्हता : माणूस स्वतःला कितपत अचूक जोखतो, यावर अभ्यास झाले आहेत, ते बहुतेक सर्वसाधारण नोकरदारांवरचे आहेत. हॅरिस व शॉब्रोक यांनी १९८८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्वतः दिलेले गुण आणि वरिष्ठांनी दिलेले गुण यांचा सहसंबंध सुमारे ०.३५ निघाला. सहकारी आणि वरिष्ठ यांच्या गुणांत तो ०.६२ होता. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्या दोघांचे आपसात बऱ्यापैकी जुळते आणि स्वतःचे मत वेगळे पडते. मेब व वेस्ट यांच्या १९८२ च्या आढाव्यात मात्र एक आशादायक बाब आढळते : आपले मूल्यांकन वस्तुनिष्ठ कसोटीशी ताडून पाहिले जाणार आहे हे आधी माहीत असले, तर ते अधिक अचूक होते. स्वमूल्यांकनात गुणांच्या रकान्यापेक्षा पुराव्याच्या रकान्याला महत्त्व द्यावे, ते याच कारणाने.

सिद्धींची नोंद : ‘रुग्णांची सेवा निष्ठेने केली’ हे वाक्य खरे असूनही मूल्यमापनात निरुपयोगी ठरते, कारण ते कोणत्याही परिचारिकेला लागू पडते. उपयोगी विधानात आधीची स्थिती, स्वतः केलेली कृती, नंतरची स्थिती आणि ती कुठे तपासता येईल याचा उल्लेख असतो.

उदाहरणादाखल एक कल्पित प्रसंग घेऊ. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या वॉर्डातील एका सिस्टरने लिहिले, ‘माझ्यामुळे सलाईनच्या जागी शीर सुजण्याचे प्रमाण खूप कमी झाले.’ वॉर्डातील मासिक तपासणीची वही उघडल्यावर दिसले की, पहिल्या सहामाहीत पाहिलेल्या २४० कॅन्युलांपैकी, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवलेल्या नळ्यांपैकी, २४ ठिकाणी आणि दुसऱ्या सहामाहीत २५० पैकी १५ ठिकाणी शिरेचा दाह आढळला. दाह मोजण्यासाठी तेथे शून्य ते पाच गुणांची प्रचलित दृश्य मापनपट्टी वापरत. तिच्यात वेदना, लाली आणि सूज यांपैकी दोन लक्षणे दिसली की दोन गुण होतात आणि कॅन्युला काढून दुसरीकडे लावायची असते. दोन किंवा अधिक गुण म्हणजे दाह, असे मोजता प्रमाण १० टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले.

घट खरी आहे, पण ‘खूप’ आणि ‘माझ्यामुळे’ हे दोन्ही शब्द येथे टिकत नाहीत. एवढ्या संख्येत इतका फरक, प्रत्यक्षात काही बदलले नसतानाही, दहा वेळांतून साधारण एकदा निव्वळ योगायोगाने दिसू शकतो. शिवाय कॅन्युला पूर्ण वॉर्डातील परिचारिका लावतात. या सिस्टरने केलेले काम निराळे आणि नेमके होते : प्रत्येक पाळीच्या हँडओव्हरमध्ये कॅन्युलाची जागा दोघींनी मिळून पाहायची आणि गुण तक्त्यावर लिहायचे, असा क्रम तिने सुचवला, नव्या परिचारिकांना मापनपट्टी शिकवली आणि तपासणीची वही स्वतः सांभाळली. सुधारलेले विधान असे झाले : ‘हँडओव्हरमध्ये कॅन्युला पाहण्याचा क्रम मी सुचवला व शिकवला. त्यानंतरच्या सहामाहीत दाहाची नोंद २४० पैकी २४ वरून २५० पैकी १५ झाली. हे साऱ्या वॉर्डाचे काम आहे. कल टिकतो का, हे पुढील सहा महिन्यांत पाहावे लागेल. नोंदी मासिक तपासणीच्या वहीत आहेत.’ यात दावा लहान झाला आणि सिस्टरचा वाटा मात्र अधिक स्पष्ट दिसू लागला. आपले काम ‘आम्ही’मध्ये विरघळवून टाकणे हीदेखील चूकच आहे, कारण अर्ज वाचणाऱ्याला मग तिने काय केले ते कळतच नाही.

आकडे वाचताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. सिस्टरने मापनपट्टी शिकवल्यावर पहिले एक-दोन महिने नोंदवलेले प्रमाण वाढले असते, तर ते अपयश ठरले नसते; पूर्वी नजरेतून सुटणारी सूज आता लिहिली जाऊ लागली, असा त्याचा अर्थ असू शकतो. औषध देतानाच्या चुका आणि थोडक्यात टळलेल्या चुका यांच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. तेथे कमी नोंदी म्हणजे कमी चुका असे गृहीत धरल्यास चुका लपवण्याला बक्षीस मिळते. अशा ठिकाणी किती प्रसंग कळवले आणि त्यांतून वॉर्डात काय बदलले, हे लिहिणे अधिक प्रामाणिक होय. पुराव्यासाठी रुग्णाचे नाव, खाटेचा क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक अर्जात घालू नये.

प्रशिक्षणाची गरज : हा भाग बहुधा सर्वांत उणा लिहिला जातो. उणीव कबूल केली तर गुण कमी होतील या भीतीने ‘संवादकौशल्य’ किंवा ‘संगणक’ असे निरुपद्रवी शब्द टाकले जातात. ही भीती निराधार नाही. मेयर, के आणि फ्रेंच यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील अभ्यासावरून १९६५ मध्ये दाखवले की, पगाराचा निर्णय आणि सुधारणेची चर्चा एकाच बैठकीत केली की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. दोन्ही बैठका वेगळ्या ठेवण्याची त्यांची सूचना आजही योग्य वाटते.

गरज लिहिण्यापूर्वी ती खरोखर प्रशिक्षणाने भागणारी आहे का, हे पाहावे. रॉबर्ट मेगर व पीटर पाइप यांनी १९७० मध्ये त्यासाठी सोपी कसोटी दिली : जीवच पणाला लागला, तर या व्यक्तीला हे काम करता येईल का? उत्तर होकारार्थी असेल, तर अडचण कौशल्याची नसून साधने, मनुष्यबळ किंवा कामाच्या रचनेची असते. औषध सोडणारा पंप मोकळा नसल्यामुळे प्रतिजैविकाचा डोस उशिरा गेला, तर ‘वेळेचे व्यवस्थापन’ शिकवून तो वेळेवर जाणार नाही. ती बाब प्रशिक्षणाच्या रकान्यात न लिहिता कामातील अडथळा म्हणून लिहावी.

वरील सिस्टरचेच उदाहरण पुढे नेऊ. वर्षाच्या अखेरीस तिची नेमणूक अतिदक्षता विभागाच्या लगतच्या कक्षात झाली. तिने लिहिले, ‘सिरिंज पंपाचे प्रशिक्षण हवे.’ चर्चेत असे निघाले की, मात्रेचे गणित तिला नीट येते. ६० किलो वजनाच्या रुग्णाला दर किलोमागे दर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम डोपामिन द्यायचे आणि ५० मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम औषध आहे, तर पंप ताशी ४.५ मिलिलिटरवर लावायचा, हे ती चटकन सांगते. पंपाची बटणेही तिला माहीत आहेत. अडते ते संपत आलेली सिरिंज बदलताना. औषधाचा प्रवाह क्षणभर खंडित झाला की रुग्णाचा रक्तदाब उतरतो. म्हणून ती प्रत्येक वेळी ज्येष्ठ सहकारी येईपर्यंत थांबते आणि रात्रपाळीत त्यामुळे सिरिंज पूर्ण संपण्याची वेळ येते.

आता गरज नेमकी झाली : रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाची सिरिंज प्रवाह न तोडता बदलणे. वर्गातील व्याख्यानाने ती भागत नाही. आधी विभागाची लेखी पद्धत वाचणे, मग ज्येष्ठ परिचारिकेला बदल करताना पाहणे, नंतर तिच्या देखरेखीखाली स्वतः करणे, असा क्रम ठरला. गरज भागल्याची खूणही लिहिली गेली : ओळीने काही बदल मदतीशिवाय, रक्तदाबात लक्षणीय उतार न येता व्हावेत आणि देखरेख करणारीने त्यावर सही करावी. ही खूण नसेल, तर पुढल्या वर्षी ‘प्रशिक्षणास उपस्थित’ एवढीच नोंद उरते आणि हाताला काय आले ते कळत नाही.

ही रीत वॉर्डातील कामाला चांगली लागू पडते, कारण तेथे मोजता येणाऱ्या नोंदी रोज होतात. शस्त्रक्रियागृह, मानसोपचार आणि घरोघरी जाऊन केली जाणारी परिचर्या यांत असे मापक थोडे आहेत. तेथे प्रसंगवर्णन व सहकाऱ्यांचा अभिप्राय यांवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.