अपराजित खेळाडू फायनल हरला, तरी स्पर्धा का संपत नाही?

निपाणीहून बेळगावात कॅरम खेळायला येणारा माणूस दीड-दोन तास बसमध्ये काढतो. पहिल्याच मॅचला समोर चांगला खेळाडू आला, हात बसायच्या आत तीन सेट संपले, की त्याला परतीची बस गाठावी लागते. साध्या बाद पद्धतीचा हा दोष मंडळांना चांगला माहीत असतो. म्हणून कुणीतरी दुहेरी बाद पद्धत सुचवतं: एकदा हरलं तर बाहेर जायचं नाही, दोनदा हरल्यावरच जायचं. सगळ्यांना पटतं, ड्रॉ निघतो, दिवस छान जातो. वाद होतो तो अगदी शेवटी. एकही मॅच न हरलेला खेळाडू फायनलला हरतो, पंच पुन्हा सोंगट्या मांडायला सांगतात, आणि गर्दीतून आवाज येतो, ‘ओ काका, फायनल हरला की तो! परत कशाला खेळवायलाय?’

या प्रश्नाचं उत्तर ड्रॉच्या रचनेतच आहे. त्यासाठी आठ खेळाडूंची एक काल्पनिक स्पर्धा घेऊ आणि खेळाडूंना त्यांच्या गावांच्या नावानं ओळखू.

ड्रॉच्या दोन बाजू असतात. एक विजेत्यांची, म्हणजे अजून एकदाही न हरलेल्यांची. दुसरी पराभूतांची, म्हणजे नेमके एकदा हरलेल्यांची. सुरुवातीला सगळे विजेत्यांच्या बाजूला असतात. समजा पहिल्या फेरीत शहापूरनं उचगावला, निपाणीनं सांबऱ्याला, खानापूरनं येळ्ळूरला आणि चिकोडीनं हिंडलग्याला हरवलं. हरलेले चौघं पराभूतांच्या बाजूला गेले. तिथं सांबऱ्यानं उचगावला आणि येळ्ळूरनं हिंडलग्याला हरवलं. उचगाव आणि हिंडलगा दोनदा हरले, त्यांची स्पर्धा संपली. इकडे विजेत्यांच्या बाजूला शहापूरनं निपाणीला आणि खानापूरनं चिकोडीला हरवलं.

आता निपाणी आणि चिकोडी खाली उतरणार. ड्रॉ काढणाऱ्याचं कसब इथं दिसतं. निपाणीला आपल्याच अर्ध्या भागातल्या सांबऱ्यासमोर बसवलं, तर पहिल्या फेरीचीच मॅच पुन्हा होईल. म्हणून जागा उलट करतात: वरच्या अर्ध्या भागातून हरलेला खालच्या अर्ध्याकडे आणि खालचा वरच्याकडे. निपाणी येळ्ळूरशी खेळते, चिकोडी सांबऱ्याशी. समजा येळ्ळूर आणि चिकोडी जिंकले, मग त्या दोघांत येळ्ळूर जिंकलं. दरम्यान विजेत्यांच्या बाजूची शेवटची मॅच शहापूरनं खानापूरविरुद्ध जिंकली. हरलेलं खानापूर खाली उतरलं आणि येळ्ळूरशी पुन्हा भिडलं. शेवटच्या टप्प्यात अशी पुनर्भेट टाळता येत नाही, कारण टाळायला खेळाडूच उरलेले नसतात. या वेळी येळ्ळूर जिंकलं.

फायनल ठरली. शहापूर तीन मॅच खेळून तिन्ही जिंकलेलं, येळ्ळूर पाच खेळून चार जिंकलेलं.

इथं थांबून एक साधा हिशोब करू, कारण सगळा वाद त्यानंच मिटतो. कॅरमच्या मॅचमध्ये बरोबरी नसते. प्रत्येक मॅच एका खेळाडूच्या खात्यात एक पराभव टाकते, कमी नाही की जास्त नाही. म्हणजे झालेल्या मॅच आणि नोंदलेले पराभव यांची संख्या नेहमी सारखीच असली पाहिजे. फायनलच्या आधी विजेत्यांच्या बाजूला सात आणि पराभूतांच्या बाजूला सहा अशा 13 मॅच झाल्या. पराभव किती? बाहेर गेलेल्या सहा जणांचे प्रत्येकी दोन, म्हणजे 12, आणि येळ्ळूरचा एक. बरोबर 13. टेबलावर बसणाऱ्या कार्यकर्त्यानं हा ताळा प्रत्येक फेरीनंतर करावा. आकडे जुळले नाहीत, तर एखादा निकाल लिहायचा राहिला आहे किंवा दोनदा लिहिला गेला आहे. त्याच वेळी बाहेर काढलेल्या प्रत्येक नावापुढे दोन फुल्या आहेत का तेही पाहावं. एकच फुली असेल, तर तो माणूस अजून स्पर्धेत आहे आणि त्याला बसस्टँडवरून परत बोलवायला हवं.

आता चौदावी मॅच, म्हणजे फायनल. शहापूर जिंकलं तर येळ्ळूरचे दोन पराभव होतात आणि स्पर्धा संपते. पण येळ्ळूर जिंकलं तर? पराभव 14: बाहेर गेलेल्यांचे 12, येळ्ळूरचा एक, शहापूरचा एक. दोघंही नेमके एकदा हरलेले. सकाळी सगळ्यांसमोर नियम वाचला होता की दोनदा हरल्याशिवाय कुणी बाहेर जाणार नाही. उचगावला ती सवलत मिळाली, हिंडलग्याला मिळाली, खुद्द येळ्ळूर तर त्या सवलतीच्याच जोरावर फायनलला पोचलं. आठांपैकी एकट्या शहापूरला एका पराभवात घरी पाठवायचं कसं? म्हणून पंधरावी मॅच. ती शून्यापासून सुरू होते, टॉससुद्धा नव्यानं. जो हरेल त्याचा दुसरा पराभव, जो जिंकेल तो विजेता. माझ्या मते ही मॅच फायनलला जोडलेलं शेपूट नाही. दुहेरी बाद पद्धतीची व्याख्याच तिच्याशिवाय पुरी होत नाही.

यातून एक सुटसुटीत सूत्र मिळतं. विजेता सोडून प्रत्येकाला दोन पराभव हवेत. आठ खेळाडूंत सातांचे दोन-दोन, म्हणजे 14. विजेता स्वतः एकदा हरला असेल तर 15. यापेक्षा वेगळा आकडा येऊच शकत नाही. खेळाडू 11 असले आणि काहींना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यावी लागली, तरी हिशोब तोच: 20 किंवा 21.

एक गैरसमज मात्र पुन्हा पुन्हा दिसतो. समजा फायनलला येळ्ळूरऐवजी खानापूर आलं असतं. विजेत्यांच्या बाजूला शहापूरनं त्याला हरवलं होतं, आता फायनलला त्यानं शहापूरला हरवलं. लोक म्हणतात, एक-एक बरोबरी झाली म्हणून तिसरी मॅच. निष्कर्ष बरोबर, कारण चूक. आपापसातला हिशोब या पद्धतीत कुठेच धरलेला नाही. आपल्या उदाहरणात शहापूर आणि येळ्ळूर आधी कधी समोरासमोर आलेच नव्हते, तरीही पंधरावी मॅच होणारच. मोजायचे ते प्रत्येकाचे एकूण पराभव.

यावर दुसऱ्या बाजूचा आक्षेप असतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा: अपराजित खेळाडूला हा फार मोठा फायदा नाही का? मोजून पाहू. दोघं तोडीस तोड आहेत, प्रत्येक मॅच जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी. शहापूरचं विजेतेपद जायला ते सलग दोन मॅच हरायला हवं. त्याची शक्यता अर्ध्याची अर्धी, म्हणजे 25 टक्के. विजेतेपद मिळण्याची शक्यता 75 टक्के. शहापूर थोडं सरस असेल, मॅच जिंकण्याची शक्यता 60 टक्के असेल, तर दोन्ही हरण्याची शक्यता 40 टक्क्यांच्या 40 टक्के, म्हणजे 16. विजेतेपदाची 84. फायदा मोठा आहे, नक्कीच. पण तो सकाळपासून न हरता कमावलेला आहे, आणि त्याची दुसरी बाजूही पाहावी. चार कॅरम मांडलेले असतील, तर विजेत्यांच्या बाजूची शेवटची मॅच तिसऱ्या पाळीतच उरकते. त्यानंतरच्या दोन पाळ्या शहापूर बसून राहतं. येळ्ळूर मात्र खेळत असतं, त्याचा हात गरम असतो, त्या दिवशीची पावडर आणि स्ट्रायकरचा वेग त्याच्या बोटांत मुरलेला असतो. अपराजित खेळाडू फायनलची पहिली मॅच हरतो, तेव्हा यातलं थोडं कारण असू शकतं.

पंधरावी मॅच नको असेल तर पर्याय आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे. एक म्हणजे एकाच मॅचची फायनल. आयपीएलच्या प्लेऑफमध्ये पहिल्या दोन संघांना दुसरी संधी मिळते, फायनल मात्र एकच. 2017 साली पुण्यानं पहिल्या क्वालिफायरमध्ये मुंबईला हरवलं. मुंबई दुसऱ्या क्वालिफायरमधून परत आली आणि फायनल एका धावेनं जिंकली. प्लेऑफमध्ये दोन्ही संघ एकेकदाच हरले होते, पण मुंबईचा पराभव आधी आला, पुण्याचा शेवटी. नियम सगळ्यांना आधीच माहीत होते, त्यामुळे अन्याय झाला असं म्हणता येणार नाही. फक्त ती पद्धत शेवटच्या मॅचला दुहेरी बाद राहत नाही. व्हिडिओ गेमच्या जगातही हे दोन्ही मार्ग दिसतात. फायटिंग गेमच्या ‘ईव्हो’ स्पर्धेत अपराजित खेळाडू हरला की नवी लढत होते, तिला ‘ब्रॅकेट रीसेट’ म्हणतात. ‘डोटा 2’च्या ‘द इंटरनॅशनल’मध्ये पाच गेमची एकच फायनल असते.

दुसरा पर्याय मला जास्त विचार करण्यासारखा वाटतो: तीन सेटच्या फायनलला अपराजित खेळाडूनं 1-0 अशा आघाडीनं सुरुवात करायची. खेळाडू तोडीस तोड असतील, तर त्याला पुढच्या दोन सेटपैकी एक पुरतो, म्हणजे शक्यता पुन्हा 75 टक्केच. एका मॅचच्या वेळेत तेवढाच फायदा. पण हीच आघाडी पाच सेटच्या फायनलला दिली, तर ती साधारण 69 टक्क्यांवर उतरते, कारण मॅच जितकी लांब तितकी एका सेटची किंमत कमी. तीन सेटमध्येही ती सवलत तंतोतंत सारखी नाही. शहापूर प्रत्येक सेट 60 टक्के शक्यतेनं जिंकत असेल, तर दोन पूर्ण मॅचच्या पद्धतीत त्याची विजेतेपदाची शक्यता 88 टक्क्यांच्या आसपास जाते, आघाडीच्या पद्धतीत 84 राहते.

कुस्तीच्या आखाड्यात रमणाऱ्या आपल्या भागात रेपेचाज हा शब्दही ऐकलेला असतो, आणि काही जण त्यालाच दुहेरी बाद समजतात. ते तसं नाही. तिथं फायनलला पोचलेल्या मल्लाकडून हरलेल्यांना पुन्हा संधी मिळते, पण ती कांस्यपदकापुरती. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिकनं त्याच वाटेनं कांस्य जिंकलं. सुवर्णाचं दार मात्र एका पराभवानंतर बंद होतं.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. चार कॅरमवर आठ खेळाडूंची स्पर्धा सात पाळ्यांत होते: पहिल्या तीन पाळ्यांत चार, चार आणि तीन मॅच, आणि मग प्रत्येक पाळीत एकच. शेवटच्या चार मॅच एकापाठोपाठ एकच होऊ शकतात, मग मंडळाकडे दहा कॅरम असले तरी. प्रत्येक पाळीला एक तास धरून सकाळी दहाला सुरुवात केली आणि जेवणाला तासभर थांबलं, तर चौदावी मॅच पाचला संपते आणि पंधरावी सहाला. तोडीच्या खेळाडूंत ती होण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून बक्षीस समारंभाची वेळ पत्रिकेवर छापताना साडेसहा लिहावी, आणि फायनलचा नियम ड्रॉच्या कागदावरच वर लिहून, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत, पहिल्या मॅचच्या आधी वाचून दाखवावा.